मोड देताना घट एकदाच कापा, दोनदा नाही!

मंडळी, सोयाबीनचे पैसे हातात आले आणि लग्नाच्या तारखा जवळ आल्या, की आपल्या वाशीमच्या काय, रिसोड-कारंज्याच्या सराफ्यात काय, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "भाऊ, जुना माल आहे, घट तर लागणारच." समोरचा माणूस मान हलवतो. घट लागते हे त्यालाही माहीत असतं. ती किती लागते, कशाची लागते आणि एकदाच लागते की दोनदा, हे मात्र तो विचारत नाही. दुकानदार दोन पिढ्यांच्या ओळखीचा असतो, बायको-पोरगी शेजारी बसलेली असते, तिथं हिशोब विचारणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं.

आजची पोस्ट या घटीवर आहे. सगळे सराफ लुटतात असं मला म्हणायचं नाही. जुन्या सोन्यात कपात होते, ती रास्तही असते. पण रास्त कपात आणि चुकीची कपात चिठ्ठीवर अगदी सारखी दिसते. वाचकांनी मला दाखवलेल्या मोडीच्या चिठ्ठ्यांवर तीनच गोष्टी असतात : वजन, 'घट' म्हणून एक टक्का आणि खाली रक्कम. मधला हिशोब गायब. तो मधला हिशोब आज मांडतो.

एक उदाहरण घेऊ. एक जुनं मंगळसूत्र आहे, काळे मणी, दोऱ्यासकट वजन २४.५०० ग्रॅम. ते मोडून नवीन २२ कॅरेटचा दागिना घ्यायचा आहे. हिशोब सोपा जावा म्हणून २४ कॅरेटचा भाव तोळ्याला, म्हणजे १० ग्रॅमला १ लाख धरतो. म्हणजे ग्रॅमला १०,००० रुपये. २२ कॅरेट म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोनं, म्हणून त्याचा भाव ग्रॅमला ९,१६०. आजचा भाव वेगळा असेल, तो टाकून बघा, रीत तीच राहते.

पहिली कपात वजनाची. काळे मणी आणि दोरा सोनं नाही, ते काढावेच लागतात. समजा ते साडेतीन ग्रॅम निघाले. उरलं २१ ग्रॅम. इथं भांडण नाही, फक्त मणी अंदाजानं न धरता प्रत्यक्ष काढून वजन करायला सांगा. बोरमाळ, वज्रटीक, जुन्या पोकळ पाटल्या असतील तर आत लाख असते. ती वितळवल्याशिवाय किती आहे कळत नाही आणि तिथं अंदाजाला फार जागा असते. खड्यांचं दुखणं वेगळं. जुन्या काळी घेताना खडे सोन्याच्याच भावात तोलले गेले, आता देताना त्यांची किंमत शून्य धरली जाते. तो तोटा खरेदीच्या दिवशीच झालेला असतो, मोड घेणाऱ्याच्या माथी मारून उपयोग नाही. आता हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि शुद्धता लिहून द्यावी लागते. म्हणून आज घेताय ते बिल जपून ठेवा, पुढच्या मोडीला तेच कामी येईल.

दुसरी कपात शुद्धतेची. सराफाच्या भाषेत टंच. दागिना घेताना '२२ कॅरेट' सांगितलं होतं, मग आता कमी का भरतो? दर वेळी फसवणूकच असते असं नाही. मंगळसूत्राच्या वाट्या, कड्या, साखळीचे सांधे जोडायला रेण लावतात. जुन्या काळी हे रेण म्हणजे सोन्यात तांबं-चांदी जास्त घातलेलं मिश्रण असायचं, कारण ते सोन्याच्या आधी वितळावं लागतं. पत्रा २२ कॅरेटचा असला तरी सगळा दागिना एकत्र वितळवला की रेणातलं तांबंही त्यात मिसळतं आणि टंच उतरतो. जितके सांधे जास्त, तितका उतार जास्त. म्हणून साध्या बांगडीपेक्षा बारीक कड्यांची साखळी कमी भरते. नंतर केडीएम आलं, त्यात कॅडमियम वापरल्यानं टंच टिकायचा, पण कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुफ्फुसाला घातक म्हणून तो प्रकार मागे पडला.

आणखी एक कारण बऱ्याच घरांना माहीत नसतं. १९६३ साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध दागिने नव्यानं बनवायला बंदी झाली. १९६६ साली ती अट उठली. त्या तीन-चार वर्षांतल्या लग्नाचा आजीचा दागिना पेटीत असेल, तर त्याचा टंच आधी तपासा. सराफानं कमी सांगितला म्हणून तो खोटं बोलतोय असं लगेच धरू नका.

टंच काढायचे तीन मार्ग आहेत. कसोटीच्या दगडावर घासून बघणं हा जुना मार्ग, तो बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून आहे. दुसरं कॅरेट मशीन. ते क्ष-किरण सोडून काही सेकंदांत आकडा देतं. पण ते फक्त वरचा पातळ थर बघतं. वर पॉलिश किंवा मुलामा असेल तर आकडा जास्त येईल, नेमका सांध्यावर ठेवला तर कमी येईल. म्हणून अख्ख्या दागिन्याचं एकच वाचन घेऊन त्यावर लाखाचा व्यवहार करू नये. वितळवून एकजीव झालेली लगड मशीनवर दोन-तीन बाजूंनी ठेवली तर आकडा भरवशाचा येतो. तिसरा मार्ग हॉलमार्किंग केंद्रातला. तिथं थोडा नमुना काढून, भट्टीत भेसळ जाळून उरलेलं शुद्ध सोनं तोलतात. सगळ्यात खात्रीचा तोच.

आता आपलं मंगळसूत्र वितळवलं. २१ ग्रॅमचं २०.८५० झालं. दीडशे मिलिग्रॅम मळ, घाम, कड्यांत अडकलेली माती यात गेले. याला गाळ म्हणा. रोज अंगावर वापरलेल्या दागिन्यात असा थोडा फरक पडतोच. लगड मशीनवर ठेवली, टंच आला ८७.५, म्हणजे २१ कॅरेट. २०.८५० ला ०.८७५ ने गुणा. चोख सोनं निघालं १८.२४३ ग्रॅम. चोख म्हणजे २४ कॅरेट, त्याचा भाव १०,०००. रक्कम झाली साधारण १,८२,४३७ रुपये. हा तुमच्या सोन्याचा खरा आकडा. इथून पुढं जी कपात होईल ती दुकानदाराची, सोन्याची नाही.

आणि आता खरी मेख बघा.

टंच ८७.५ काढला, चोख वजन १८.२४३ लिहिलं, इथपर्यंत सगळं तुमच्यासमोर, चोख. मग कॅल्क्युलेटरवर भाव टाकला जातो २२ कॅरेटचा, ९,१६०. दुकानातल्या बोर्डावर तोच ठळक लिहिलेला असतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. उत्तर येतं १,६७,११२. एका झटक्यात १५,३२५ रुपये गेले. का? टंच लावून भेसळ एकदा वजनातून काढली. उरलं ते शंभर टक्के सोनं. त्याला पुन्हा भेसळीच्या सोन्याचा भाव लावला. एकच घट दोनदा कापली, एकदा वजनात, एकदा भावात.

ही गोष्ट ध्यानात ठेवायला सोपी आहे. टंच लावून वजन कमी केलं असेल, तर भाव २४ कॅरेटचाच. भाव २२ कॅरेटचा लावायचा असेल, तर फक्त २२ पेक्षा जितकं कमी भरलं तितकंच कापायचं, म्हणजे वजनाला ८७.५ ने गुणून ९१.६ ने भागायचं. तसं केलं तर वजन येतं १९.९१७ ग्रॅम आणि रक्कम पुन्हा तीच १,८२,४३७. दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात. वेगळ्या गावाला पोहोचलात तर समजा रस्त्यात काहीतरी पडलं.

दुसरा प्रकार आपल्याकडं जास्त चालतो. वितळवायचं नाही, मशीन नाही. "बावीस कॅरेट धरू, दहा टक्के घट कापू." २१ ग्रॅमातून २.१ गेले, उरले १८.९ ग्रॅम. माणूस खूश होतो, कारण शेजारच्या दुकानात वितळवून १८.२४३ च भरत होतं, इथं १८.९ मिळाले! पण हे १८.९ ग्रॅम २२ कॅरेटच्या भावानं आहेत. रक्कम १,७३,१२४. ग्रॅम जास्त दिसले आणि रुपये ९,३१३ ने कमी आले. त्यात 'मोडीचा भाव' म्हणून ग्रॅममागं आणखी २०० कमी धरले, तर १,६९,३४४. म्हणून दोन दुकानांची तुलना ग्रॅममध्ये करू नका. टक्क्यातही करू नका. शेवटी हातात किती रुपये पडतात त्यावरच करा.

मग दुकानदारानं काहीच कापायचं नाही का? कापावं. तुमची लगड तो तशीच विकू शकत नाही. ती शुद्ध करायला तेजाबात टाकावी लागते, त्याची मजुरी आहे, थोडं सोनं त्यातही जातं. शिवाय त्यानं धंदा करायला दुकान मांडलंय. दोन टक्के म्हणून कापले तर आपल्या उदाहरणात साधारण ३,६५० रुपये होतात. हे आधी सांगून, चिठ्ठीवर लिहून घेतले तर त्याला मी तरी लूट म्हणणार नाही. माझा आक्षेप कपातीला नाही, एका 'घट' शब्दाच्या पोटात गाळ, टंच, मजुरी, नफा आणि भावातला फरक असं सगळं कोंबण्याला आहे.

आता नवीन दागिन्याची बाजू. समजा २० ग्रॅमचा २२ कॅरेटचा दागिना घेतला. सोन्याची किंमत १,८३,२००. घडणावळ १२ टक्के, म्हणजे २१,९८४. बेरीज २,०५,१८४. त्यावर ३ टक्के जीएसटी ६,१५५. एकूण २,११,३३९. हॉलमार्किंगचं शुल्क नगामागं ४५ रुपये आणि त्यावरचा कर, तो किरकोळ आहे म्हणून सोडून देतो. जुन्याचे पूर्ण १,८२,४३७ मिळाले असतील तर वरून द्यायचे २८,९०२. जुन्यात दोनदा घट कापली असेल तर ४४,२२७.

यात एक गोष्ट बघा. जुन्यात चोख सोनं होतं १८.२४३ ग्रॅम. नव्यात आहे १८.३२ ग्रॅम. म्हणजे सोनं जवळपास तेवढंच राहिलं. हिशोब अगदी सरळ झाला तरी २८ हजार घडणावळीत आणि करात गेले. फॅशन जुनी झाली म्हणून मोड देणाऱ्यांनी हा आकडा आधी कागदावर मांडून बघावा. पुष्कळदा जुनाच दागिना उजळून, कडी बदलून काम भागतं.

जीएसटीवरून दोन बाजूंनी गैरसमज आहेत. ग्राहक म्हणतो, "मी जुनं सोनं दिलं ना, मग वरच्या फरकावरच कर लावा." तसं होत नाही. कर नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, तुम्ही पैसे रोख द्या नाहीतर सोन्यात द्या. इथं दुकानदार बरोबर आहे. पण काही ठिकाणी जुन्या सोन्यातूनही "जीएसटीचे ३ टक्के" कापले जातात. त्याला आधार नाही. घरातला माणूस आपलं जुनं सोनं देतो तो त्याचा व्यापार नाही, त्यावर जीएसटी लागत नाही, हे केंद्र सरकारनं जुलै २०१७ मध्येच स्पष्ट केलंय. चिठ्ठीवर असे ३ टक्के दिसले तर ते कोणत्या नियमानं कापले, एवढंच विचारा.

आता 'शून्य घट', 'जुन्या सोन्याला शंभर टक्के भाव' असे बोर्ड. ते खोटेच असतात असं नाही, पण त्याच काउंटरवर घडणावळ किती आहे ते बघा. आपल्या उदाहरणात घडणावळ १२ ऐवजी २० टक्के लावली तर १४,६५६ रुपये वाढतात, त्यावर जीएसटी वेगळा. घट शून्य झाली आणि ती घडणावळीच्या दारातून परत आली. पुन्हा तेच : वरून किती द्यायचे, हा एकच आकडा दोन दुकानांत विचारा.

हॉलमार्कचा दागिना असेल तर तुमची बाजू भक्कम असते. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा झालाय. बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा, कोणत्या केंद्रात तपासला ते दिसतं. त्यावर ९१६ असेल तर टंचाच्या नावानं दहा टक्के कापायचं कारण उरत नाही. तरी समोरचा म्हणाला की टंच कमी आहे, तर लगेच वितळवायला देऊ नका. कारण वितळवलं की क्रमांक गेला आणि पुरावाही गेला. सामान्य ग्राहकाला मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात दागिना तपासून घेता येतो, चार नगांपर्यंत शुल्क २०० रुपये आहे. जवळचं केंद्र कोणतं, त्याची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर आहे. शुद्धता खरंच कमी निघाली, तर बीआयएसच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ज्यानं तो दागिना विकला त्याच्याकडून फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. त्यासाठी मूळ बिल हवं. आपल्याकडं अजूनही कच्च्या चिठ्ठीवर सोनं घेतलं जातं, कारण ३ टक्के वाचतात. ते वाचलेले ३ टक्के मोडीच्या दिवशी दहा टक्क्यांनी वसूल होतात.

वितळवायचं ठरलंच तर तुमच्या डोळ्यांसमोर वितळवा. त्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या : कोणता भाव लावणार, टंच कसा काढणार, वरून कपात किती. आधी वजन बघा, काटा शून्यावर आहे का बघा, काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का तेही बघा. लगड थंड झाल्यावर पुन्हा वजन घ्या. रिकामी मूस एकदा डोळ्याखालून घाला, तळाला किंवा टाकणखाराच्या काचेत सोन्याचा मणी चिकटून राहिलेला असू शकतो. २१ ग्रॅममध्ये दीड-दोनशे मिलिग्रॅमचा गाळ समजू शकतो. मणी, लाख काढलेल्या दागिन्यात एक-दीड ग्रॅम गेला तर तो कुठं गेला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि हिशोब पटला नाही तर लगड उचलून घरी या. वितळवलं म्हणजे विकलं असं होत नाही. लगड तुमचीच असते. लोक इथंच अडकतात, "आता वितळवलंच आहे तर देऊन टाका" म्हणतात.

दोनदा कापलेल्या घटीचे १५,३२५ रुपये म्हणजे किती, हे शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे जवळपास तीन क्विंटल सोयाबीन, एका मंगळसूत्रामागं, कॅल्क्युलेटरच्या एका बटणावर. मार्केट यार्डात ओलाव्याच्या नावानं क्विंटलमागं किलोभर जास्त कापलं तर आपण आवाज उठवतो, बातमी होते, आंदोलन होतं. सराफ्यात त्याच घरातलं त्याच्या कितीतरी पट जातं आणि आपण चहा पिऊन, नमस्कार करून बाहेर येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती आपल्या सराफ बांधवांकडंच आहे. दुकानात विक्रीचा भाव बोर्डावर लावता, त्याच्याच खाली मोडीचा भाव लावा, २४ कॅरेटचा चोख भाव, आणि तुमची कपात किती टक्के तेही. मोडीची छापील चिठ्ठी द्या, तिच्यावर सहा रकाने ठेवा : एकूण वजन, मणी-खडे-लाख, वितळवल्यानंतरचं वजन, टंच, लावलेला भाव, कपात. जो सराफ सचोटीनं धंदा करतो, त्याला यात गमवायला काहीच नाही. उलट आज तो तीन टक्के कापून दहा टक्के कापणाऱ्याच्या रांगेत बसलाय, कारण गिऱ्हाईकाला फरक दिसतच नाही.

असे रकाने असलेली चिठ्ठी वाशीम जिल्ह्यातला एखादा दुकानदार आजही देत असेल, तर तिचा फोटो टाका, नाव-नंबर झाकून. चांगलं उदाहरण म्हणून मी ते इथं दाखवीन. आणि या लग्नसराईत कुणी मोड द्यायला निघालं असेल, तर दुकानात बसल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : "टंच लावणार असाल तर भाव चोविसचा लावणार ना?"